पीएलएचा ग्लास आणि साठ अंशांची रेघ

कोल्ड कॉफीच्या दुकानात हल्ली काचेसारखा पारदर्शक, चकचकीत ग्लास मिळतो. तळाशी ७ आकड्याचा त्रिकोण, बाजूला ‘पीएलए’ आणि ‘कंपोस्टेबल’ हे शब्द. त्यात गार कॉफी दिवसभर ठेवा, ग्लासाला काही होत नाही. त्यातच उकळता चहा ओता, मिनिटभरात तो मऊ पडून एका बाजूला कलतो. आणि तोच ग्लास सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या पिंपात टाकला, तर सहा महिन्यांनी जवळजवळ जसाच्या तसा हाताला लागतो. चहात टिकत नाही आणि कचऱ्यात संपत नाही, असा हा विचित्र पदार्थ. या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपासची एक रेघ.

पीएलए म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल. मक्याचा स्टार्च किंवा उसाची साखर जीवाणूंकडून आंबवून घेतली की लॅक्टिक आम्ल मिळतं. दही आंबट होतं तेही याच आम्लामुळे. दोन-दोन रेणूंची आधी एक कडी करतात, मग त्या कड्या उघडून एकमेकींना जोडत लांब साखळी ओवतात. मोठ्या प्रमाणावर हे उत्पादन अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअर गावी २००२ साली सुरू झालं. आपल्याकडे पुण्याजवळ जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जैवपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा केला आहे.

या साखळीतला प्रत्येक सांधा एस्टर बंधाचा असतो. पाण्याचा एक रेणू एका सांध्यात शिरला की तो सांधा तुटतो आणि एका साखळीच्या दोन होतात. यालाच जलविच्छेदन म्हणतात. पॉलिथिनच्या साखळीत असा सांधाच नसतो, कार्बनला कार्बन थेट जोडलेला असतो. म्हणून ती पिशवी पाण्यात कितीही वर्षं पडली तरी पाणी तिचं काही वाकडं करू शकत नाही.

आता थोडा हिशेब करू. चांगल्या पीएलएच्या साखळीचा सरासरी रेणुभार एक लाख धरा. एका मण्याचा भार ७२, म्हणजे साखळीत साधारण १,४०० मणी. जीवाणू आणि बुरशी एवढी लांब साखळी गिळू शकत नाहीत. तिचा भार दहा हजारांच्या आसपास उतरला की मग त्यांचं काम खऱ्या अर्थाने सुरू होतं. एक लाखाचे दहा हजारांचे दहा तुकडे करायला किती घाव लागतात? फक्त नऊ. चौदाशे सांध्यांपैकी नऊ, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. आणि त्यासाठी १०० किलो पीएलएला पाणी लागतं अवघं १६० ग्रॅम.

एवढ्याशा पाण्याने काम होतं हे ग्लास बनवणाऱ्याला चांगलंच ठाऊक असतं. पीएलएचे दाणे वितळवण्याआधी इतके सुकवावे लागतात, की १०० किलोत २५ ग्रॅमपेक्षा जास्त ओल उरू नये. दमट दाणे २०० अंशांच्या यंत्रात गेले की जलविच्छेदन तिथेच, मिनिटांत, उरकतं. बाहेर येणारा पत्रा दिसायला ठीक असतो, पण बोटाने दाबला की तडकतो. थ्रीडी प्रिंटर वापरणाऱ्यांना हे पावसाळ्यात भेटतं. नोझलमधून चटचट आवाज, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, आणि रिळावरची तार हातात मोडणं ही सगळी ओलीची लक्षणं. तार ४५ ते ५० अंशांवर चार-सहा तास सुकवली की चटचट आणि धागे जातात. एकदा तुटलेल्या साखळ्या मात्र सुकवून परत जुळत नाहीत. आणि घाई म्हणून आच वाढवायची नाही, कारण साठीच्या घरात रिळाचे वेढे एकमेकांना चिकटून बसतात.

पुन्हा तीच साठी. या तापमानाला काच-संक्रमण तापमान म्हणतात. त्याच्या खाली पीएलएच्या साखळ्या गोठल्यासारख्या जागच्या जागी अडकलेल्या असतात, म्हणून ग्लास कडक. त्याच्या वर त्या हलायला लागतात, म्हणून ग्लास मऊ. पण साखळ्या हलल्या की त्यांच्यामधून पाण्यालाही वाट मिळते. चहात ग्लास ज्या कारणाने वाकतो, त्याच कारणाने तो खताच्या ढिगात कुजू लागतो. पाणी मुरलं की ही रेघ आणखी काही अंश खाली सरकते, हा ढिगाचा फायदा.

तापमानाचा वेगावर किती परिणाम होतो? ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी उतरलं की जलविच्छेदन दर वेळी सुमारे अडीच पट मंदावतं. समजा ५८ अंशांच्या ढिगात आपला ग्लास आठ आठवड्यांत संपला. मग ४८ अंशांवर त्याला २० आठवडे लागतील, ३८ वर ५०, आणि २८ अंशांच्या साध्या मातीत १२५, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं. हा हिशेबही उदार आहे. काच-संक्रमणाच्या खूप खाली साखळ्या गोठलेल्या असल्यामुळे प्रत्यक्षात वेळ आणखी लागतो. गार समुद्रात किंवा कोरड्या डेपोच्या पोटात पडलेल्या ग्लासाबद्दल तर बोलायलाच नको.

‘कंपोस्टेबल’ या शब्दामागची चाचणी कुठल्या तापमानाला होते, हे पाहिलं की बरंच उलगडतं. भारतात त्यासाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे आणि विकणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दाखला लागतो. मानकाची अट दुहेरी. १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त उरता कामा नये, आणि १८० दिवसांत त्यातल्या ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे. यातली कार्बनची मोजणी ५८ अंशांवर, दोन अंश इकडेतिकडे, करतात. म्हणजे शिक्का खोटा नाही, फक्त तो तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीबद्दल काही बोलत नाही.

बाल्कनीतलं किंवा सोसायटीतलं ५०-६० लिटरचं पिंप तापत नाही असं नाही. पण त्याचं पोट लहान आणि कातडी मोठी, त्यामुळे आतली ऊब रात्रीतून निघून जाते. ऊब धरून ठेवायला ढीग निदान एक मीटर लांब, रुंद आणि उंच हवा. मोठ्या प्रकल्पात दीड-दोन मीटर उंचीच्या लांब रांगा घालतात. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २५ ते ३० ला १ ठेवतात आणि ओल ५० ते ६० टक्के. पीएलएच्या वजनात निम्मा कार्बन असतो आणि नायट्रोजन शून्य. त्यामुळे नुसते ग्लास आणि वाळका पाला यांचा ढीग तापतच नाही, भाजीचा कचरा किंवा शेण घालावंच लागतं. ग्लासांचं प्रमाण शंभर किलोत पाच-दहा किलोंच्या वर नेऊ नये. साखळ्या तुटून निघणारं लॅक्टिक आम्ल जीवाणूंनी खाऊन संपवायच्या आत साठलं, तर ढीग आंबतो आणि त्यांचं काम मंदावतं.

बिघाड बहुतेक वेळा पाण्याचा असतो. तापलेला ढीग वाफेने झपाट्याने कोरडा पडतो. थर्मामीटर ६० दाखवतोय, म्हणून माणूस निर्धास्त, आणि आत ओल ३५ टक्क्यांवर आलेली. तापमान आहे पण पाणी नाही, मग सांधे तुटणार कशाने? एक मूठ माल हातात घेऊन आवळा. बोटांच्या फटींतून एखाद-दुसरा थेंब दिसला तर ओल बरोबर. मूठ उघडल्यावर गोळा सुटून पडला तर पाणी मारा. धार लागली किंवा कुबट वास आला तर हवा कमी पडतेय, ढीग उलथा. थर्मामीटरची दांडी मीटरभर लांब हवी. वरच्या वीतभर थरातलं तापमान काहीच सांगत नाही, आणि त्या थरात राहिलेले ग्लास उलथणी न झाल्यास तसेच राहतात.

ग्लासात बदल कसे दिसतात? आधी तो वाकडातिकडा होतो, मग पांढुरका, अपारदर्शक. हे पांढरं पडणं म्हणजे कुजणं, असा समज असतो, तो अर्धाच खरा. उबेत साखळ्या शिस्तीत रचल्या जाऊन स्फटिक बनतात, त्यानेही पांढरेपणा येतो. खरी खूण म्हणजे कडा दाबल्यावर बिस्किटासारखी तुटणं.

स्फटिकांवरून पांढऱ्या चमच्यांकडे येऊ. गरम पदार्थ चालावेत म्हणून चमचे आणि झाकणं मुद्दाम गरम साच्यात स्फटिकरूप करतात, थोडी टाल्क पावडर मिसळून. असा चमचा ८५ अंशांपर्यंत तग धरतो. पण घट्ट रचलेल्या स्फटिकात पाणीही सहज शिरत नाही. म्हणून ग्लास विरघळून गेलेल्या ढिगात चमचे अजून अखंड सापडतात. उष्णता सोसण्याची ताकद वाढवली की कुजण्याचा वेग घटतो. दोन्ही एकदम देणारा फुकटचा मार्ग अजून तरी नाही.

ताकदीच्या बाबतीत पीएलए कमी नाही, फक्त वेगळा आहे. ओढून तोडायला त्याला ५० ते ६० मेगापास्कल ताण लागतो, पॉलिप्रॉपिलीनच्या डब्याला ३०-३५. ताठरपणाही दुपटीहून जास्त. पण पीएलए पाच टक्क्यांच्या आसपास ताणला की तुटतो, पॉलिप्रॉपिलीन मूळ लांबीच्या दुपटीहून अधिक लांबतं. त्यामुळे उघडझाप करणारं बिजागरीचं झाकण पीएलएचं करू नये, चार वेळात मोडतं. शुद्ध पीएलएची भाजीची पिशवीही होत नाही. बाजारातल्या कंपोस्टेबल पिशव्या बहुधा पीबीएटी नावाच्या लवचिक पॉलिस्टरच्या असतात, त्यात स्टार्च किंवा थोडा पीएलए मिसळलेला. साठवणुकीचंही पाहावं लागतं. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद ट्रकमध्ये पारा साठीला टेकतो आणि एकात एक घातलेले ग्लास चिकटून येतात, ते वेगळे करताना फाटतात.

हातातला ग्लास पीएलएचा की पाण्याच्या बाटल्यांच्या पीईटी प्लॅस्टिकचा, हे डोळ्यांना कळत नाही आणि दोन्ही पाण्यात बुडतात. त्याचा एक तुकडा ६५ अंशांच्या पाण्यात धरा. पीएलए लगेच लुळा पडतो, पीईटीचा आकार टिकतो. हे पाहणं महत्त्वाचं, कारण पीईटी २७०-२८० अंशांवर वितळवतात. तेवढ्या आचेवर पीएलए जळून पिवळा पडतो आणि पुनर्वापराचा अख्खा माल डागाळतो.

खत चाळताना शेवटी चाळणीवर पांढरे कपचे उरतातच. एक कपचा चिमटीत धरून पिळा. ताणला गेला तर ते साधं प्लॅस्टिक, बाहेर काढा. भुगा झाला तर तो पीएलए, पुढच्या ढिगात परत टाका, बाकीचं काम तिथे होईल.