चिकणमातीचा थर आणि प्लास्टिकचा पडदा: भरावभूमीच्या तळाची दोन अस्तरे

शास्त्रोक्त भरावभूमीच्या, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेच्या, तळाशी सहसा दोन अस्तरे असतात: दाबून बसवलेल्या चिकणमातीचा सुमारे ९० सेंटीमीटरचा थर आणि त्यावर एचडीपीई या प्लास्टिकचा १.५ मिलिमीटर जाडीचा पडदा, म्हणजेच जिओमेम्ब्रेन. कचऱ्यातून झिरपणारे दूषित पाणी, म्हणजे लीचेट, जमिनीत उतरू न देणे हे दोघांचेही काम असल्याने एक असले की दुसरे कशाला, असा प्रश्न पडतो. मात्र दोघांची गळण्याची तऱ्हा अगदी वेगळी आहे.

मातीचा थर सगळीकडून थोडाथोडा पाझरतो. त्याची पारगम्यता, म्हणजे पाणी जाऊ देण्याची क्षमता, सेकंदाला १०⁻⁷ सेंटीमीटर असेल आणि वर ३० सेंटीमीटर लीचेट साचले असेल, तर झिरपण्याचा वेग सांगणाऱ्या डार्सीच्या नियमानुसार एका हेक्टरमधून दिवसाला साधारण ११५० लिटर खाली जाते. याउलट अखंड पडद्यातून पाणी जवळजवळ जातच नाही; पण त्याला एक चौरस सेंटीमीटरचे एकच छिद्र पडले आणि खाली खडी असली, तर तेवढ्यातून दिवसाला साडेबारा हजार लिटर वाहून जाते.

आता तोच पडदा मातीच्या थरावर घट्ट टेकवला, की त्याच छिद्रातून दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाझरते, आणि टेकणे सदोष असले तरी सुमारे तीन लिटर. कारण छिद्रातून आलेल्या पाण्याला पडदा आणि माती यांच्यातल्या बारीक फटीतून पसरून, मग तेवढ्याच भिजलेल्या जागेतून माती पार करावी लागते.

म्हणूनच सारी मदार या टेकण्यावर आहे. माती सारखी करण्याच्या हेतूने दोघांमध्ये वाळू पसरणे ही चूक वरवर शहाणपणाची दिसते, पण त्यामुळे पाणी वाळूत मोकळे पसरते आणि जोडीचा फायदा जातो. उन्हात तापून पडद्याला सुरकुत्या येतात व त्यांच्याखाली पोकळी राहते, त्यामुळे त्यावरचा निचऱ्याचा थर शक्यतो पहाटेच्या थंडाव्यात पसरावा. माती सर्वांत घट्ट बसते त्या इष्टतम आर्द्रतेपेक्षा किंचित ओली असताना दाबावी आणि पडदा येईपर्यंत कोरडी पडू देऊ नये. भेगा दिसल्या, की तेवढा भाग उकरून पुन्हा ओला करून दाबणे भाग असते. पडद्याच्या दुहेरी जोडात मधली पोकळ नळी ठेवतात. तिच्यात हवा भरून दाबमापक पाहिला आणि काटा ठराविक मर्यादेपेक्षा खाली आला, तर जोड गळतो आहे.

पडदा अखंड असला तरी टोल्युइनसारखी सेंद्रिय द्रव्ये प्लास्टिकमधून विसरणाने पार होतात. त्यांना खोळंबवते ती खालच्या मातीची जाडी. तिथे पडद्याचा फारसा उपयोग नाही.

वरचे सारे आकडे ३० सेंटीमीटर लीचेट धरून काढलेले आहेत. लीचेट गोळा करणारे छिद्री पाइप गाळाने व जिवाणूंच्या थराने तुंबले, तर ही पातळी चढते आणि दोन्ही अस्तरांतून होणारी गळती त्याबरोबर वाढते.