लिक्विड नायट्रोजनचा परवानगी फॉर्म परत का येतो (कोल्ड ट्रॅप लावणाऱ्यांनी तरी वाचा)

आमच्या डिपार्टमेंटला लिक्विड नायट्रोजन वापरायचा परवानगी फॉर्म दोनच पानांचा आहे, तरी बहुतेक पोरांचा पहिल्या फेरीत परत येतोच. फॉर्म वर सेफ्टी कमिटीकडं जायच्या आधी माझ्या टेबलावरनं जातो म्हणून हे लिहितोय, सारखं तेच तेच सांगून कंटाळा आला.

पहिलं पान सोपं. पीएचडीवाले आणि ज्यांचं सेफ्टी ट्रेनिंग झालंय असे एमएस्सी प्रोजेक्टवाले दोघंही पात्र आहेत, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, आयकार्डची झेरॉक्स आणि गाईडची सही जोडा, झालं. अडतं ते दुसऱ्या पानावर.

तिथं पहिलाच रकाना आहे "लिक्विड नायट्रोजनच का हवा?" आणि लोक लिहितात "व्हॅक्यूमसाठी". हे उत्तर नाही भावा. व्हॅक्यूम पंप करतो, ट्रॅपचं काम फक्त सॉल्व्हंटची वाफ पंपाच्या तेलात जायच्या आधी गोठवायचं. तुमचा सॉल्व्हंट टोल्युइन असेल तर ड्राय आईस आणि आयसोप्रोपेनॉलचा बाथ, म्हणजे उणे ७८ डिग्री, त्याला पुरतो आणि मग हा फॉर्मच भरायला लागत नाही. ईथर किंवा डायक्लोरोमिथेन भरपूर उडवायचं असेल तर ते त्या बाथमधनं थोडं निसटतं, तिथं नायट्रोजनचं कारण पटतं. तेवढं एक वाक्य सॉल्व्हंटच्या नावासकट लिहा.

कमिटी एवढी कटकट करते त्याला कारण आहे. नायट्रोजन उकळतो उणे १९६ ला, ऑक्सिजन उणे १८३ ला. म्हणजे नायट्रोजनमध्ये बुडालेल्या ट्रॅपमध्ये हवा आत आली की त्यातला ऑक्सिजन तिथंच द्रव होऊन साठतो, आणि तोही गोठलेल्या सॉल्व्हंटच्या अंगावर. लिक्विड ऑक्सिजन आणि सेंद्रिय सॉल्व्हंट एकत्र म्हणजे स्फोटकच, त्याला ठिणगी लागतेच असं नाही, धक्का पुरतो. ड्राय आईसवर हे होऊच शकत नाही, कारण तेवढ्या थंडीत ऑक्सिजन वायूच राहतो. पोरं म्हणतात आमच्या गावात गोठ्यावर रेतनाला येणारा माणूस तर मोटरसायकलला लिक्विड नायट्रोजनचा कंटेनर बांधून फिरतो, त्याला कुठं काय होतंय. अरे, त्याच्या कंटेनरला पंप नसतो, तो हवा ओढत नाही.

म्हणून "कार्यपद्धती" या रकान्यात क्रम लिहायचा असतो आणि इथंच सगळ्यात जास्त फॉर्म उडतात. आधी रिकामा ट्रॅप जोडा, सगळे टॅप बंद करा, पंप चालू करा, गेजवर व्हॅक्यूम टिकतोय का बघा, आणि मगच ड्युअर, म्हणजे नायट्रोजनचं थर्माससारखं भांडं, वर उचलून ट्रॅप बुडवा. उलटं केलं, म्हणजे आधी थंड आणि मग पंप, किंवा एखादा जॉईंट गळत असताना तसंच रात्रभर सोडलं, की ऑक्सिजन जमला. बंद करताना आधी ड्युअर खाली घ्या, लगेच पंप बंद करून लाईन हवेला उघडा, ट्रॅप काढून फ्यूम हूडमध्ये उघडाच वितळू द्या. ट्रॅप गरम होताना कुठलाही टॅप बंद नको, आत जे काय द्रव झालं असेल त्याचा वायू होऊन काच फुटते. आर्गॉन वापरणाऱ्यांनी हे दोनदा वाचा, आर्गॉनही उणे १८६ ला द्रव होतो आणि त्याला रंग नसतो, दिसणारसुद्धा नाही.

ऑक्सिजन मात्र दिसतो. ड्युअर खाली घेताना ट्रॅपमध्ये फिकट निळं द्रव दिसलं तर तिथंच थांबायचं, ड्युअर परत जागेवर, पंप चालूच, एकही टॅप बंद करायचा नाही, हूडची काच खाली, खोलीतनं सगळे बाहेर आणि इनचार्जना फोन. ट्रॅप काढून बघायला कुणी जायचं नाही. आणि "लाईट गेल्यास" असा एक छोटा रकाना लोक कोराच सोडतात. पावसाळ्यात आपल्याकडं लाईट किती जाते सांगायला नको, पंप थांबला की त्याच्यातनं उलटी हवा आत येऊ शकते, म्हणून लाईट गेली की लगेच ड्युअर खाली, असं लिहा. याचाच अर्थ कुणीतरी हजर पाहिजे, रात्रभर एकटं सोडायची परवानगी मागूच नका.

आता तो कुणाकडंच नसलेला कागद. "खोलीच्या वायुवीजनाचा दाखला." इंजिनिअरिंग सेक्शनला विचारलं तर ते म्हणतात असं काही आम्ही देत नाही, आणि फॉर्म छापणाऱ्यांना हे माहीत नाही असं नाही, पण रकाना काही काढत नाहीत. मार्ग असा की वायुवीजन शून्य धरून स्वतः हिशोब करून जोडायचा, गाईडची सही घ्यायची, ते मान्य करतात. समजा खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच, म्हणजे ६० घनमीटर. एक लिटर लिक्विड नायट्रोजनचा साधारण ७०० लिटर वायू होतो, म्हणजे १० लिटरचं ड्युअर सगळं सांडलं तर ७ घनमीटर. उरलेली हवा ५३, तर ऑक्सिजन २१ गुणिले ५३ भागिले ६०, साडेअठरा टक्के. मर्यादा साडेएकोणीस, म्हणून फॉर्म नापास. तेच ५ लिटर मागितलं तर साडेतीन घनमीटर, ऑक्सिजन १९.८ टक्के, पास, पण काठावरच, तेव्हा कपाटं-टेबलांनी व्यापलेली जागा ६० मधनं वजा करून परत बघा. बरीच पोरं इथं "एसी आहे" लिहितात. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. आणि हे ड्युअर घेऊन माणसासकट लिफ्टमध्ये जायचं नाही, तेवढ्याशा डब्यात गळती झाली तर गुदमरायला वेळ लागत नाही आणि आधी कळतही नाही.

हातमोज्यांच्या रकान्यात "नायट्राईल" लिहिलं की मी पुढं वाचतच नाही. थंडीत तो कडक होतो आणि कातडीला चिकटतो. जाड, सैल क्रायो ग्लोव्हज लिहा, झटकला की निघाला पाहिजे असे, सोबत फेस शील्ड, आणि पँट बुटाच्या बाहेर, आत खोचलेली नको, नाहीतर सांडलेलं बुटात जाऊन बसतं. थेंब हातावर पडला तर बहुधा घरंगळून जातो आणि तिथंच पोरांना खोटा धीर येतो. खरं भाजतं ते कपड्यात भिजून राहिलेलं आणि थंड धातूला लागलेलं बोट. जागा पांढरी पडली, बधिर झाली तर चोळायचं नाही, गीझरचं कढत पाणी ओतायचं नाही, ३७ ते ४० डिग्रीच्या कोमट पाण्यात ठेवायचं आणि डॉक्टरकडं जायचं. चिकटलेला धातू ओढून काढायचा नाही, कोमट पाणी सोडून सुटू द्यायचा.

मुदतीचं एक. परवानगी सहा महिन्यांची असते, पण ती सही झाल्याच्या तारखेपासनं, गॅस आल्यापासनं नाही. लोक सही आणून फॉर्म कपाटात ठेवतात, सप्लायर दोन महिने लावतो आणि प्रयोग ऐन रंगात आला की परवानगी संपलेली. सप्लायरची तारीख पक्की झाल्यावरच फॉर्म वर पाठवायला द्या, आणि नूतनीकरणाला हिशोबाचा कागद परत जोडावा लागतो, जुन्याची झेरॉक्स चालत नाही, खोली बदलली नसली तरी.