बारीक केसांना क्लिपवाले एक्स्टेन्शन: आधी वजन बघा, मग लांबी

एक्स्टेन्शन घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो, किती लांब पाहिजे? आणि आपण पण लगेच कमरेकडं हात दाखवतो. बारीक केस असणाऱ्यांनी खरं तर आधी सेटचं वजन विचारायला पाहिजे, कारण लांबी, शेड, क्लिप कुठं लावायची हे सगळं त्या ग्रॅमच्या आकड्याला येऊन चिकटतं.

आधी बारीक म्हणजे काय ते नीट बघू. बारीक केस वेगळे आणि विरळ केस वेगळे. विरळ म्हणजे डोक्यावर केसांची संख्याच कमी, बारीक म्हणजे एकेक केस जाडीला कमी. पुष्कळ जणींचे केस भरपूर असतात पण एकेक तार इतकी नाजूक असते की वेणी घातली की उंदराची शेपटी. जाडजूड केस ८० मायक्रॉनच्या आसपास असतो, बारीक केस ५० च्या आसपास. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) ८० आणि ५० मध्ये फार फरक वाटत नाही, पण केस किती ताण सोसेल ते त्याच्या जाडीच्या वर्गावर ठरतं, म्हणून निरोगी जाड केस तुटायला साधारण १०० ग्रॅमचा ताण लागत असेल तर बारीक केस ४० ग्रॅमलाच तुटतो. आणि केस ताठ किती राहतो हे तर जाडीच्या चौथ्या घातावर ठरतं, म्हणजे बारीक केस जवळजवळ साडेसहा पट लवचिक. म्हणूनच तो डोक्याला चपट बसतो, आणि म्हणूनच खालची क्लिप वरून फुगवट्यासारखी दिसते. क्लिप झाकायला वरच्या केसांना थोडा ताठपणा लागतो, तोच इथं नसतो.

आता लांबी आणि वजनाचं गणित, हे दुकानात कुणी सांगत नाही. समजा १२० ग्रॅमचा १६ इंची सेट आहे. दर इंचाला साडेसात ग्रॅम केस. तेच १२० ग्रॅम २२ इंचात घेतले तर इंचाला साडेपाचच ग्रॅम उरले, म्हणजे केसांची संख्याच कमी झाली आणि खाली टोकाला सेट झिरझिरीत दिसणार. २२ इंचात तेवढाच दाटपणा पाहिजे तर १६५ ग्रॅम घ्यावे लागतील, आणि ते सगळं लटकणार आपल्या त्याच बारीक केसांवर. म्हणून बारीक केसांना १४ ते १८ इंच आणि १०० ते १२० ग्रॅम, माझ्या मते यापुढं जाऊच नये. २०० ग्रॅमच्या वर गेलं की दिसायला पण विचित्र होतं, वर आपले पातळ केस टोपीसारखे आणि खालून एकदम दुसऱ्याच कुणाचे तरी दाट केस सुरू झाल्यासारखे.

माझ्या मामेबहिणीचं उदाहरण देते, म्हणजे आकडे हाताशी येतील. कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, केस खांद्यापर्यंत, सगळे गोळा करून पोनी बांधली की पोनीचा घेर ५ सेंटीमीटर. (हा घेर टेपनं नक्की मोजा, ५ किंवा त्याच्या खाली असेल तर हलका सेटच घ्यायचा.) भावाच्या रिसेप्शनला मोकळे लांब केस पाहिजे होते. महाद्वार रोडला तिला आधी २४ इंचीच दाखवला, हातात घेतल्यावर लई भारी वाटतो तो, पण आम्ही घेतला १६ इंची, १२० ग्रॅमचा. त्यात आठ पट्ट्या होत्या, एक चार क्लिपची, दोन तीन-तीनच्या, तीन दोन-दोनच्या आणि दोन एकेका क्लिपच्या, एकूण १८ क्लिपा. म्हणजे एका क्लिपवर पावणेसात ग्रॅमच्या आसपास वजन.

ही क्लिप साधारण ३ सेंटीमीटर रुंद, आपल्या टिकटॅक पिनेच्याच जातीची पण आत कंगव्यासारखे दात आणि सिलिकॉनची बारीक पट्टी. तिच्याखाली अर्धा सेंटीमीटर जाडीची केसांची बट घेतली तर दोनशेच्या वर केस येतात. पावणेसात ग्रॅम दोनशे केसांत वाटले तर एका केसावर ग्रॅमचा तिसावा भाग. केस तर ४० ग्रॅम सोसतो! मग डोकं दुखतं का, केस जातात का?

कारण वजन असं सारखं वाटलं जातच नाही. बट विंचरताना काही केस ताणलेले राहतात, काही सैल, आणि सगळा भार त्या ताणलेल्या थोड्याच केसांवर येतो. दुसरं म्हणजे पट्टी नुसती सरळ खाली ओढत नाही, डोक्यापासून बाहेर लटकते, त्यामुळं क्लिपची वरची कड उचलली जाते आणि अगदी मुळाशी पीळ बसतो. तिसरं, झटके. खुर्चीला टेकून बसलं आणि टोकं पाठीखाली अडकली, मान वळवली, की तेवढ्यापुरता ताण कित्येक पटीनं वाढतो, आणि केस जितके लांब तितकी अडकायची शक्यता जास्त. आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं, केस तुटणं आणि मूळ दुखावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुळाला थोडा पण सतत ताण बसत राहिला, रोज त्याच जागी, तर महिन्यांनी तिथले केस विरळ होतात, डॉक्टर त्याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. सुरुवातीला थांबलं तर केस परत येतात, फार काळ चाललं तर त्या जागी येत नाहीत.

आपल्या आज्या गंगावन लावायच्या तेव्हा ते वेणीत गुंफलं जायचं, म्हणजे भार वेणीतल्या सगळ्या केसांवर जायचा. क्लिपमध्ये तसं करायचं असेल तर क्लिपेला आधार तयार करावा लागतो. पार्लरमध्ये यासाठी मुळाशी बॅककोंबिंग करतात, म्हणजे उलटा कंगवा मारून बट फुगवतात. त्यानं क्लिप पकडते हे खरं, पण उलट्या कंगव्यानं केसावरचे खवले उचकटतात आणि बारीक केसाला ते परवडत नाही, म्हणून मला ते आवडत नाही, करायचंच तर क्लिपेच्या जागी दोन हलके हात, बास. त्यापेक्षा जिथं क्लिप बसणार त्या ओळीत बोटापेक्षा बारीक आडवी सागरवेणी घालायची, सैलसर, आणि क्लिपेचे दात त्या वेणीत अडकवायचे. वेणीत केस एकमेकांत गुंतलेले असतात म्हणून भार वाटला जातो आणि घसरत पण नाही. वेणी घट्ट घातली तर मात्र सगळा फायदा गेला, ती स्वतःच मुळं ओढत बसते.

आणि त्या दिवशी तेल नको. आपल्याकडं रविवारी डोक्याला तेल चोपडून सोमवारी अर्धवट धुतलेले केस असतात बऱ्याच जणींचे, तेलाचा थर राहिला की घर्षण कमी होतं आणि क्लिप तासाभरात खाली. आदल्या दिवशी शाम्पू, कंडिशनर फक्त टोकांना, मुळांना नाही.

बहिणीला आठ पट्ट्या लावल्याच नाहीत. मानेवरचे सगळ्यात खालचे केस वेणी घालून गोल गुंडाळून पिन केले, नाहीतर खांद्यापर्यंतच्या केसांची सरळ कापलेली कड लांब केसांच्या मागून उठून दिसते. त्याच्या वर तीन क्लिपची एक पट्टी, मग कानाच्या वरच्या टोकाच्या रेषेत चार क्लिपची, त्याच्या बोटभर वर दुसरी तीनची, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोनच्या. एकूण १४ क्लिपा, ९३ ग्रॅमच्या आसपास. कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेपासून दोन बोटं जागा सोडली, कारण तिथले केस सगळ्यात नाजूक. टाळूवर काहीच नाही, भांगाच्या दोन्ही बाजूंचे वरचे चार-पाच सेंटीमीटर केस झाकायला लागतात. उरलेल्या तीन पट्ट्या डब्यातच राहिल्या आणि कुणाला काही कळलं नाही. सेट घेताना शिवलेली जाड तिहेरी पट्टी न घेता सिलिकॉनची पातळ पट्टी घेतली हे पण कामाला आलं, ती डोक्याला चपट बसते.

आता शेड. सगळ्या चुका इथं होतात कारण आपण मुळांचा रंग जुळवतो. एक्स्टेन्शन मिसळणार असतं आपल्या टोकांत, म्हणून टोकांचा रंग बघायचा. उन्हानं केसातलं मेलॅनिन हळूहळू झिजतं, त्यामुळं काळ्या केसांची टोकं पण तपकिरीकडं जातात, स्कूटीवर रोज फिरणाऱ्या पोरींचे तर जास्तच. जेट ब्लॅक, म्हणजे एक नंबर, डाय केलेला असतो आणि उन्हात निळसर मारतो, आपल्या नैसर्गिक काळ्याला बहुतेक वेळा वन-बी किंवा गडद तपकिरी दोन नंबर जास्त जुळतो. बहिणीची तर मेंदी होती. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसाच्या प्रथिनाला चिकटतं, घरात ट्यूबलाइटखाली ते काळं दिसतं आणि बाहेर आलं की लालसर. दोन रंग एका दिव्याखाली सारखे आणि दुसऱ्याखाली वेगळे दिसू शकतात, म्हणून दुकानातल्या पांढऱ्या एलईडीवर विश्वास ठेवू नका, पट्टी घेऊन दारात या, थेट उन्हात नाही तर सावलीतल्या उजेडात, आणि धुतलेल्या कोरड्या केसांच्या टोकावर ठेवून बघा. ओले किंवा तेलकट केस आहेत त्यापेक्षा गडद दिसतात. दोन शेडच्या मधे अडकलात तर फिकी घ्या, मानवी केसाचा सेट गडद करता येतो, डाय केलेला सेट फिका करायला गेलं की खराब होतो.

मानवी केस आहेत का ते कळायला पट्टीतून निघालेले दोन-चार केस सिंकवर चिमट्यात धरून जाळा. खरा केस पीस जळाल्यासारखा वास देतो आणि राख चुरगळते, सिंथेटिक वितळून कडक मणी होतो आणि असल्या साध्या सिंथेटिक सेटला स्ट्रेटनर अजिबात चालत नाही. केसावरून बोट फिरवून पण बघा, मुळाकडून टोकाकडं गुळगुळीत आणि उलट्या दिशेनं किंचित खरखरीत लागलं तर केस एकाच दिशेनं लावलेत. दोन्हीकडून खरखरीत असेल तर विंचरून निघालेले, भांड्यांच्या बदल्यात गोळा करतात तसले मिसळलेले केस असण्याची शक्यता असते आणि ते दोन-चार धुण्यांत गुंततात. नवीन असताना सिलिकॉनचा मुलामा असतो म्हणून सगळेच गुळगुळीत लागतात, त्यामुळं जमलं तर छोटी एक क्लिपची पट्टी धुऊन मग ही परीक्षा करा.

लावल्यावर पहिली दहा मिनिटं लक्ष द्या. एखाद्या जागी टोचल्यासारखं किंवा ओढल्यासारखं वाटलं तर ते सवयीनं जाईल असं समजू नका, ती क्लिप उघडून बट जरा जाड घेऊन परत लावा. काढल्यावर मुळाशी लाल, बारीक पुटकुळ्या किंवा क्लिपेच्या रेषेत आखूड तुटके केस दिसले तर पुढच्या वेळेला जागा बोटभर वर-खाली करा, आणि कडेचे केस विरळ होतायत वाटलं तर बंद करून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. झोपताना कधीच नाही. बहिणीनं संध्याकाळी सहाला लावले, रात्री साडेअकराला घरी आल्या आल्या काढले, आधी खालून विंचरून, मग क्लिप दोन्ही बोटांनी उघडून, ओढून नाही. पावसाळ्यात धुतले तर पट्टीची शिवण पूर्ण वाळेपर्यंत डब्यात घालू नका, आपल्याकडं जुलैत ती दोन-दोन दिवस ओलसर राहते.