स्टँड-अपमधील विनोदांचे हिंदी रूपांतर

इंग्रजीत बांधलेला स्टँड-अप विनोद हिंदीत सादर करण्यासाठी नव्याने रचणे. यातला पहिला निर्णय असा असतो: फक्त शब्द बदलायचे, की विनोदच बदलायचा? त्यासाठी हशा कशावर येतो ते एका साध्या हिंदी वाक्यात सांगून पाहतात. सांगितल्यावर परिस्थिती गमतीची उरली, तर शब्द बदलून भागते. नुसते स्पष्टीकरण उरले, तर विनोद बदलावा लागतो.

पहिल्या प्रकारातला एक विनोद घेऊ. बॉस दिवसभर ओरडते, रात्री झोपू देत नाही, पगार कधी दिलेला नाही. काल ती दोन वर्षांची झाली. शब्दशः हिंदीत शेवट होतो ‘कल वो दो साल की हो गई’. इंग्रजीत आकडा शेवटी येतो, हिंदीत त्याच्यामागे क्रियापद येते. प्रेक्षक ‘दो साल’लाच हसू लागतात आणि कलाकार त्या हशावर बोलत राहतो. म्हणून वाक्य तोडतात: ‘कल उनका बर्थडे था। दूसरा।’

दुसरी अडचण लिंगाची. इंग्रजी क्रियापद बॉस पुरुष की स्त्री हे सांगत नाही. हिंदीत मात्र पुरुष कलाकार ‘सोने नहीं देती’ म्हणाला की प्रेक्षकांचे मन भलतीकडेच जाते आणि हशा मुलगी कळण्याआधीच फुटतो. यावर आदरार्थी रूप कामी येते: ‘हमारे बॉस दिन भर चिल्लाते हैं, रात को सोने नहीं देते, सैलरी आज तक नहीं दी।’ त्याने मूल झाकले जाते, शिवाय दोन वर्षांच्या पोरीला दिलेला मान हा नवा विनोद आयताच मिळतो. मूळ इंग्रजीत ही सोयच नव्हती.

आता दुसरा प्रकार. वकील मुलीकडे ‘डेट’ मागितली, तिने तीन महिन्यांनंतरची दिली. हशा एका शब्दाच्या दोन अर्थांवर आहे. ‘डेट’ तसाच ठेवला तर महानगरी तरुण हसतील, पण हिंदीत कोर्टाची असते ती ‘तारीख’, आणि तिला प्रेमाचा अर्थ नाही. इथे श्लेष सोडून वकिलाची सवय धरावी: ‘वकील से प्यार किया है। मिलने को बोलूँ तो तारीख दे देती है।’ नाते तेच राहिले, हसण्याचे कारण मात्र बदलले. पुढचे टॅगही, म्हणजे मूळ विनोदाला जोडलेल्या छोट्या विनोदी ओळीही, मग कोर्टातूनच काढाव्या लागतात. श्लेषावरचे जुने टॅग इथे चालत नाहीत.

नवे विनोद आजमावण्याच्या ओपन माइक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण ऐकताना हशा कुठे पडतो ते पाहतात. पंच म्हणजे हशा आणणारी शेवटची ओळ; तिच्याआधी आला तर सेटअपने, म्हणजे आधीच्या मांडणीने, गुपित फोडले. क्षणभर उशिरा आणि विरळ आला तर बहुधा प्रेक्षक मनातल्या मनात इंग्रजीकडे परत जात आहेत. अशा वेळी शब्द घासत बसण्यात अर्थ नसतो, विनोद बदलावा.