नथ स्पष्ट, डोळे धूसर? डीएसएलआरचा फोकस घरीच तपासा

(आमच्या दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

लग्नसराईत बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे फोटोग्राफर आमच्याकडे येतात ते बहुधा एकच तक्रार घेऊन. फोकसचा चौकोन नवरीच्या डोळ्यावर होता, बीपही वाजला, पण फोटोत नथ लखलखीत आणि डोळे धूसर. हा झाला फ्रंट फोकस. डोळ्यांऐवजी कानातलं आणि गजरा स्पष्ट आला, तर बॅक फोकस. बरेचदा यात काहीच मोडलेलं नसतं.

डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना मोजणी सेन्सरवर होत नाही. मुख्य आरशामागचा छोटा आरसा प्रकाश कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या वेगळ्या फोकस मॉड्यूलकडे वळवतो. या वाटेची लांबी आणि सेन्सरपर्यंतची लांबी यांत किंचितही फरक पडला, त्यात लेन्सचाही थोडा फरक मिसळला, की फोकस दर वेळी एकाच बाजूला सरकतो. मिररलेस कॅमेरा सेन्सरवरच फोकस मोजतो, त्यामुळे त्याला सहसा हा त्रास नसतो.

तपासणीची मांडणी

रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरचं ठळक आकड्याचं पान एका खोक्यावर सपाट चिकटवा. खोका टेबलावर उभा ठेवा, पान लेन्सच्या अगदी समोर आणि समांतर हवं. शेजारी ३० सेंटिमीटरची पट्टी ४५ अंशांत तिरकी टेकवा. शून्याचं टोक कॅमेऱ्याकडे आणि १५ चा आकडा बरोबर पानाच्या रेषेत. लाकडी पट्टी बरी, स्टीलची चमकते. फोकस पानावरच करायचा, पट्टीवर नाही. फोकसची प्रत्यक्ष जागा दिसणाऱ्या चौकोनापेक्षा मोठी असते, त्यामुळे तिरक्या पट्टीवर तो कुठला आकडा पकडेल याचा नेम नाही.

अंतर लेन्सच्या फोकल लेंग्थच्या साधारण तीसपट ठेवा: ५० एमएमला दीड मीटर, ८५ एमएमला अडीच मीटर. कॅमेरा ट्रायपॉडवर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, फक्त मधला फोकस पॉइंट, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर. उजेड दिवसाचाच घ्या, सोप्यात किंवा दारापाशी. पिवळ्या दिव्याखाली फोकस वेगळा पडू शकतो. खानापूरकडच्या पावसात उघडीप मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

आता सहा फोटो काढा. प्रत्येक फोटोआधी रिंग फिरवून फोकस पूर्ण बिघडवा, तीनदा एका बाजूला आणि तीनदा दुसऱ्या. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये एक फोटो काढा. तो पानावर स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरचे सहाही एकाच बाजूला सरकलेले असतील, तरच पुढची दुरुस्ती उपयोगाची. काही पुढे, काही मागे पडत असतील, तर आकडा बदलून काही होणार नाही. दोष उजेडात किंवा लेन्सच्या यंत्रणेत आहे.

आकडा कसा ठरवायचा

समजा फुल फ्रेम कॅमेरा आणि ८५ एमएम एफ १.८ लेन्स आहे. फोटो पूर्ण मोठा करून पाहिल्यावर पट्टी ५ पासून १७ पर्यंत स्पष्ट वाचता येते. मध्य आला ११ वर, म्हणजे फोकस पुढे पडतोय. (एवढ्या अंतरावर स्पष्टता पुढे-मागे जवळपास सारखीच असते. ‘एक भाग पुढे, दोन मागे’ हा ऐकीव नियम इथे लावू नका.)

निकॉनमध्ये `AF fine-tune`, कॅननमध्ये `AF Microadjustment` उघडा. कॅननमध्ये `Adjust by lens` निवडा, नाहीतर सगळ्याच लेन्सला तोच बदल लागेल. अधिक केलं की फोकस मागे जातो, उणे केलं की कॅमेऱ्याकडे येतो. आपल्याला मागे न्यायचाय म्हणून +१० ठेवा आणि पुन्हा फोटो काढा. आता पट्टी ११ ते २३ स्पष्ट, मध्य १७. दहा पायऱ्यांत फोकस सहा आकडे सरकला, हवे होते चार, म्हणून +७. पुन्हा काढल्यावर ९ ते २१, मध्य १५. जमलं.

मग दीड आणि चार मीटरवरही पाहा, कारण जवळ जुळलेला आकडा लांबवर थोडा चुकू शकतो. ज्या अंतरावर तुम्ही जास्त काम करता, तिथलाच आकडा ठेवा. झूम लेन्सला एकच आकडा देता येत असेल, तर तो लांबच्या टोकाला ठरवा.

हा आकडा कॅमेऱ्यात साठतो, लेन्समध्ये नाही. मित्राच्या बॉडीवर तीच लेन्स लावलीत तर तिथे नव्याने तपासावं लागेल. निकॉन डी ५६००, डी ३५००, कॅनन १५०० डी अशा कॅमेऱ्यांत ही सोयच नाही. तसंच २० पर्यंत जाऊनही मध्य जुळत नसेल, किंवा फोटोची एकच बाजू धूसर येत असेल, तर मेन्यूशी खेळत बसू नका. बॉडी आणि लेन्स दोन्ही घेऊन या, नुसती लेन्स नको. पट्टीचे फोटो कार्डातच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोत स्पष्टतेचा फरक आम्हाला कळत नाही.