भाजणी, थालीपीठाची : किलोमागील प्रमाण

धान्ये आणि डाळी वेगवेगळ्या भाजून, धणे-जिऱ्यासह एकत्र करून, किंचित रवाळ दळलेले पीठ. याची थालीपिठे थापतात. चकलीची भाजणी, मेतकूट व सातूचे पीठ ही याच पद्धतीची भावंडे असली तरी त्यांची प्रमाणे निराळी आहेत. प्रस्तुत नोंद थालीपिठाच्या भाजणीतील घटकांच्या वजनी प्रमाणापुरती आहे.

मूळ. भाजलेले धान्य दळून ठेवण्याची रीत फार जुनी आहे. ऋग्वेदात (१०.७१.२) चाळणीने चाळल्या जाणाऱ्या सक्तूचा उल्लेख येतो आणि सक्तू म्हणजे बहुधा भाजलेल्या सातूचे पीठ असे मानतात. त्यावरून भाजणीला वेदकाळापर्यंत मागे नेण्याचा मोह होतो. मात्र सक्तू हे एका धान्याचे, पाण्यात वा दुधात कालवून तसेच खाण्याचे पीठ होते. अनेक धान्ये आणि डाळी ठरावीक हिश्शांनी एकत्र करणे व ते पीठ पुन्हा तव्यावर शिजवणे ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून सक्तूला मेतकूट वा सातूच्या पिठाचा पूर्वज म्हणावे, थालीपिठाच्या भाजणीचा दूरचा आप्त म्हणावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

किलोच्या हिशेबाने सांगितलेले प्रमाण मात्र अलीकडचे आहे. दशमान वजन-मापांचा कायदा १९५६चा असून नवी वजने १९५८पासून टप्प्याटप्प्याने आली. तेव्हा ग्रॅममधील भाजणीची प्रमाणे साधारण १९६० नंतरची समजायला हरकत नाही. त्याआधी, आणि घरोघर त्यानंतरही, प्रमाण सांगितले जाई ते मापाने : चिपटे, मापटे, शेर, पायली. पायलीचे शेर चार, हे सर्वत्र सारखे. पण पायलीत मावणारे धान्य प्रदेशागणिक कमी-जास्त. शिवाय शेर हे मापही होते आणि वजनही. ८० तोळ्यांचा वजनी शेर सुमारे ९३३ ग्रॅम भरतो. त्यामुळे जुन्या टिपणात नुसते ‘शेर’ लिहिलेले असले की ते माप की वजन हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नावर बराच खल होतो, पण भाजणीपुरता तो धान्यांच्या बाबतीत फारसा महत्त्वाचा नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ आणि उडीद डाळ यांचे समान मापाचे वजन जवळजवळ सारखे असते. २०० मिलिलिटरच्या वाटीत यांपैकी काहीही भरले तरी साधारण १५० ते १७० ग्रॅम भरते. मापाचे प्रमाण वजनात नेले तर मिश्रणात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. खरी अडचण धण्यांची आहे. धणे पोकळ आणि हलके; त्याच वाटीत ते जेमतेम ६० ते ७० ग्रॅम मावतात.

उदाहरणार्थ, घरगुती प्रमाण असे घेऊ : ज्वारी २ वाट्या, बाजरी २ वाट्या, तांदूळ १, गहू १, हरभरा डाळ १, उडीद डाळ अर्धी, धणे अर्धी वाटी. यातली धान्ये आणि डाळी मिळून साडेसात वाट्या, म्हणजे सुमारे १,२०० ग्रॅम होतात. अर्धी वाटी धणे मात्र ३० ते ३५ ग्रॅमच. हेच प्रमाण ‘ज्वारी दोन भाग, धणे अर्धा भाग’ असे लिहून कोणी ते वजनाने मोजले, तर धणे ८० ग्रॅम पडतात, म्हणजे अडीच पटींच्या आसपास. अशी भाजणी डबा उघडताच ओळखू येते. धान्याचा खमंगपणा मागे पडून धण्याचाच वास येतो, आणि सालींचा भुसा वाढल्याने पीठ मळताना तुटक होते. मापाचे प्रमाण किलोवर आणताना धणे आणि जिरे स्वतंत्र तोलावेत, एवढे पथ्य पाळले की पुरते.

किलोचे प्रमाण. एक किलो तयार भाजणीसाठी कच्चा माल एक किलो घेऊन भागत नाही. साठवणीच्या धान्यात साधारण दहा ते बारा टक्के पाणी असते. भाजताना त्यातले बरेचसे उडते, आणि गिरणीत थोडे पीठ जाते. म्हणून सुमारे १,१०० ग्रॅम घ्यावे लागतात. देशावरच्या चवीला धरून ते असे वाटता येतात : ज्वारी २५० ग्रॅम, बाजरी २५०, तांदूळ १५०, गहू १००, हरभरा डाळ १५०, उडीद डाळ १००, मूग किंवा मटकी ५०, धणे ४० आणि जिरे १०. धान्ये ७५०, डाळी-कडधान्ये ३००, मसाला ५०. धान्य आणि डाळ यांचे नाते अडीचास एक असे येते. घराघरांतील प्रमाणे बरीच वेगळी दिसली तरी हे नाते बहुधा दोनास एक ते चारास एक या पट्ट्यातच राहते. डाळ याहून वाढली की पीठ मेतकुटाकडे झुकते, कमी झाली की थालीपिठाची भाकरी होते.

उडदाचे स्थान. या यादीत सर्वांत नाजूक आकडा उडदाचा आहे. थालीपीठ थापताना पीठ धरून कोण ठेवते याविषयी दोन मते आढळतात. एक मत गव्हाच्या चिकाला श्रेय देते. ज्वारी-बाजरीत तसा चीक नसतो, हे त्यामागचे कारण. दुसरे मत उडदाच्या बुळबुळीत गुणाकडे बोट दाखवते. गहू कोरडा भाजला की त्यातील चिकाची ताणली जाण्याची शक्ती बरीच मरते. शिवाय वरच्या प्रमाणात गहू दहा टक्केही नाही. गहू अजिबात न घातलेली भाजणीही नीट थापता येते, उडीद वगळलेली मात्र कडेला फाटते. यावरून दुसरे मत ग्राह्य धरणे योग्य. गव्हाचे काम मुख्यतः थालीपिठाला मऊपणा देण्याचे.

उडीदही फार भाजला तर त्याची पकड कमी होते. म्हणून तो फिकट गुलाबी दिसेपर्यंतच भाजतात. हरभरा डाळ त्याहून पुढे, तांबूस होईपर्यंत नेली तरी चालते. वरच्या प्रमाणात उडीद १०० ग्रॅमवरून १८०-२०० पर्यंत नेला तर पीठ बोटांना चिकटते आणि थालीपीठ बाहेरून भाजलेले, आतून चिवट होते. ५०च्या खाली गेला तर थापताना कडा फाटतात आणि मधले भोक पाडताना चीर पडते. परीक्षा घेताना एक वाटी भाजणी कांदा न घालता, मीठ आणि गरम पाण्यात मळून पाहावी. कांद्याला सुटणारे पाणी मूळ दोष झाकते. गोळा दाबल्यावर कडेच्या चिरा पाण्याच्या हाताने मिटत असतील तर प्रमाण बरोबर आहे. मिटून पुन्हा उघडत असतील तर किलोमागे २५-३० ग्रॅम भाजलेल्या उडदाचे पीठ मिसळावे. तेवढे हाताशी नसेल तर मळताना मूठभर कणीक चालते, पण तेव्हा खुसखुशीतपणा थोडा जातो.

तांदळाने कड कुरकुरीत होते; २५०च्या पुढे गेला की थालीपीठ निवल्यावर कडक होते.

बाजरी. प्रमाण ठरवताना टिकाऊपणाचा विचार बाजरीपाशी करावा लागतो. बाजरीच्या दाण्यात अंकुराचा भाग मोठा आणि स्निग्धांश सुमारे पाच टक्के असतो. दळल्यावर हा स्निग्धांश आणि त्याला फोडणारे विकर एकत्र येतात. म्हणून बाजरीचे कच्चे पीठ उन्हाळ्यात आठवड्याभरातच कडवट लागू लागते. भाजल्याने ते विकर निकामी होते. भाजणी घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन महिने राहते ती यामुळे. मात्र हवेने होणारा खवटपणा भाजल्याने थांबत नाही. पावसाळ्यात करावयाची भाजणी असेल तर बाजरी १५० वर आणून ज्वारी ३५० करणे हा सरळ उपाय.

बाजरी नीट भाजली गेली नाही तर वरचा सारा फायदा जातो, आणि ती नीट भाजली जाणे दाण्याच्या आकारावर ठरते. बाजरीचा दाणा वजनाने ज्वारीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाचा, हरभरा डाळ ज्वारीच्या कितीतरी पट. सगळे एकाच कढईत टाकले तर बाजरी करपते तेव्हा डाळ आतून कच्चीच असते. म्हणून प्रत्येक जिन्नस मंद आचेवर वेगळा भाजतात. बाजरी तडतडू लागून एखाददुसरा दाणा फुटला की उतरवतात. तांदूळ पारदर्शकपणा टाकून पांढरा होतो. हरभरा डाळ थंड झाल्यावर दाताखाली टचकन तुटली पाहिजे आणि तिचा आतला भाग कच्चट लागता कामा नये. धणे-जिरे शेवटी, तापल्या कढईत नुसते गरम करून घेतात.

रंग अधिक गडद म्हणजे भाजणी अधिक खमंग, हा समज मर्यादेतच खरा आहे. धान्यांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळी ते पुरवतात. अतिभाजणीत नेमके हेच आम्ल साखरेशी बांधले जाऊन शरीराला मिळेनासे होते. डाळी तपकिरी करणे म्हणजे ज्यासाठी त्या घातल्या तेच कमी करणे होय.

भाजलेले जिन्नस पूर्ण निवल्यावरच दळावेत. गरम पीठ डब्यात भरले तर झाकणाला वाफ धरते आणि गुठळ्या होतात.

प्रादेशिक भेद. कोकणात तांदळाचा वाटा वाढतो आणि बाजरी कमी होते किंवा गळते. विदर्भ-मराठवाड्याकडे ज्वारी प्रधान. खानदेशातील कळणा, ज्वारी वा बाजरी अख्ख्या उडदासह दळून केलेला, आणि मराठवाडा-सोलापूरकडील धपाट्यांचे मिश्र पीठ ही दोन्ही भाजणीच्या जवळ ठेवली जातात. पण ती कच्च्या धान्याची आहेत. त्यांतील उडीद वा गव्हाचा चिकटपणा शाबूत असल्याने त्यांची प्रमाणे भाजणीला लावता येत नाहीत.

उपासाची भाजणी. साबुदाणा आणि वरी जवळपास समान, राजगिरा त्यांच्या निम्मा, थोडे जिरे. येथे उडदाचे काम साबुदाणा करतो. भारतात मिळणारा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. तो कमी पडला तर पीठ सुटते, वाढला तर थालीपीठ चिकट होते. डाळी नसल्याने लायसीनची भर राजगिऱ्यातूनच पडते, म्हणून त्याचा वाटा निम्म्याहून खाली नेऊ नये.