लुकलुकतंय ते डिमरमुळे की बल्बमुळे?

गिरगावात मावशीकडे हॉलमध्ये तीन बल्बांचं झुंबर आहे आणि दाराजवळच्या बोर्डावर त्याचा गोल फिरवायचा डिमर. काकांनी तो वीसेक वर्षांपूर्वी बसवला, तेव्हा झुंबरात साठ-साठ वॅटचे तीन पिवळे बल्ब होते. गेल्या दिवाळीत मावशीनं ते काढून सात-सात वॅटचे एलईडी लावले आणि तेव्हापासून झुंबर लुकलुकायला लागलं. दुकानदार म्हणाला डिमर गेलाय, वायरमन म्हणाला बल्ब भिकार आहेत. मावशीनं मला बोलावलं. "अरे, दोघांतलं कोण खरं बोलतंय, ते तरी सांग."

दोघंही अर्धं खरं बोलत होते. जुन्या डिमरवर एलईडी लुकलुकतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी घडत असू शकतात. लांबून पाहिलं तर दोन्ही सारख्याच दिसतात, पण उपाय निराळे. एकीत डिमरला पुरेसा भार मिळत नाही. दुसरीत बल्बलाच मंद होता येत नाही.

आधी डिमरचं बघू. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर अर्ध्या लाटा. जुना डिमर प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा भाग अडवून धरतो आणि मग एकदम दार उघडतो. उजेड जितका कमी हवा तितकं दार उशिरा उघडतं. दाराचं काम ट्रायॅक नावाचा भाग करतो, आणि त्याची एक अट असते: उघडल्यावर त्यातून दहा-वीस मिलीअँपिअर तरी प्रवाह वाहता राहिला पाहिजे, नाहीतर ते दार मधेच मिटतं. शिवाय अशा डिमरला बहुतेक वेळा दोनच वायरी असतात, न्यूट्रल नसतो. दार केव्हा उघडायचं याची वेळ मोजणाऱ्या सर्किटलाही बल्बमधूनच प्रवाह मिळवावा लागतो. फिलामेंट म्हणजे सरळसोट तार, तिच्यातून प्रवाह सतत मिळतो. एलईडीचं सर्किट मात्र लाटेच्या सुरुवातीला जवळजवळ काहीच ओढत नाही. मग कधी दार वेळेवर उघडतं, कधी उशिरा, कधी उघडून लगेच बंद.

मावशीच्या डिमरच्या मागे बारीक अक्षरात ६० ते ४०० वॅट असं छापलेलं होतं. लोक ४०० बघतात, ६० कोणी बघत नाही. पूर्वी भार १८० वॅटचा होता, आता २१. काकांच्या डिमरला तो भार आहे हेच नीट कळत नव्हतं. या दोषाची खूण म्हणजे थरथर: बारीक, जलद, अनियमित, आणि बटण खाली आणल्यावरच. वरच्या बाजूला सगळं ठीक दिसतं.

आता बल्बचं. साध्या एलईडी बल्बमधलं ड्रायव्हर सर्किट आपला उजेड कायम ठेवण्यासाठीच बनवलेलं असतं. बाहेर व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तरी ते एलईडींना ठरलेला प्रवाह देत राहतं, ही त्याची खुबी. डिमरनं लाट कापली की ते बिचारं आधी तेवढाच प्रवाह देण्याची धडपड करतं. मग आतल्या कपॅसिटरमधला साठा संपतो, सर्किट बंद पडतं, साठा पुन्हा भरतो, सर्किट पुन्हा सुरू होतं. म्हणून ही लुकलुक संथ आणि तालात असते, रिक्षाच्या इंडिकेटरसारखी, आणि बटण निम्म्यावर असतानाही दिसते. खोक्यावर 'नॉन-डिमेबल' लिहिलेलं असतं, किंवा काहीच लिहिलेलं नसतं. काही लिहिलं नसेल तर तो डिमेबल नाही असंच धरा.

'मग बटण कायम फुल्लवर ठेवतो, झालं,' असं बरेच जण म्हणतात. हे मला पटत नाही. जुना डिमर फुल्लवरही लाटेचा थोडा भाग कापतो, आणि दार एकदम उघडलं की कपॅसिटर प्रवाहाचा मोठा घोट घेतो, सेकंदाला शंभर वेळा. त्यानं ड्रायव्हर तापतो आणि बल्ब लवकर जातो. डिमर नकोच असेल तर तो काढून तिथे साधा स्विच लावणं स्वस्त आणि चांगलं.

मावशीच्या झुंबराची खरी गंमत अशी की दोन्ही दोष एकाच ठिकाणी होते. दोन बल्ब एका खोक्यातले, डिमेबल. तिसरा कोपऱ्यावरच्या दुकानातून नंतर आणलेला, साधा. बटण निम्म्यावर आणलं तर तिसरा सेकंदा-दीड सेकंदानं मिचकायचा आणि बाकीचे दोन स्थिर. एक तृतीयांशाच्या खाली नेलं की तेही थरथरायचे.

खात्री करायला मी माळ्यावरून जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब काढायला लावला. बल्ब बदलण्याआधी एमसीबी पाडला, कारण जुन्या घरात स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर निघू शकतो आणि मग बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट असतो. साध्या बल्बच्या जागी पिवळा लावला. भार झाला ७४ वॅट, आणि दोन्ही डिमेबल बल्ब अगदी खालपर्यंत स्थिर राहिले. म्हणजे त्यांचा आजार भाराचा होता. मग एक डिमेबल काढून त्या जागी तो साधा लावला. पिवळा शेजारीच होता, भार पुरेसा होता, तरी साधा मिचकतच राहिला. त्याला कितीही भार दिला तरी उपयोग नव्हता. या चाचणीत मोबाइलच्या कॅमेऱ्यावर मात्र भरवसा ठेवू नका, व्यवस्थित चालणाऱ्या बल्बवरही तो पट्टे दाखवू शकतो. आणि फ्रिज सुरू होताना डिमरवर नसलेले दिवेही मिणमिणत असतील, तर हा प्रश्नच वेगळा. कुठेतरी जोड, बहुधा न्यूट्रलचा, सैल असू शकतो. तिथे वायरमनला लगेच बोलवा.

पिवळा बल्ब तसाच ठेवू, असं मावशीनं सुचवलं. चाललंही असतं, पण एकवीस वॅटचे दिवे सांभाळायला साठ वॅटचा राखणदार ठेवण्यात अर्थ नाही.

लोहार चाळीतून एलईडीसाठीचा डिमर आणला. हा लाटेची सुरुवात न कापता शेवट कापतो, त्यामुळे बल्बला दर वेळी धक्का बसत नाही. त्याच्यावर किमान भार एकवीस वॅटच्या खाली लिहिलाय ना, ते आधी वाचून घेतलं. काही मॉडेलना न्यूट्रल लागतो. बोर्डात प्लग असेल तर न्यूट्रल तिथे असतोच, मावशीच्या बोर्डात होता. तिसरा बल्बही डिमेबल आणला, पहिल्या दोघांच्याच कंपनीचा.

डिमर वायरमननंच बसवला. प्लेटच्या आत बारीक स्क्रू होता, किमान उजेड ठरवण्याचा. बटण तळाशी ठेवून तो हळूहळू फिरवला, तिन्ही बल्ब स्थिर झाले तिथे थांबवला, बंद करून पुन्हा चालू करून पाहिलं. तिन्ही एकदम लागले. एखादा उशिरा लागला असता तर स्क्रू किंचित वर घ्यावा लागला असता.

मावशीचं एकच म्हणणं राहिलं. काकांच्या वेळी बटण खाली आणलं की उजेड निरांजनासारखा तांबूस व्हायचा, आता नुसता कमी होतो. ते खरंच आहे. फिलामेंट थंड पडली की लाल होते. एलईडीचा रंग आहे तोच राहतो.